सप्लायरचं पेमेंट खर्चात नावे पडलंय? दुरुस्ती करताना या चुका टाळा

नागपुरात कळमन्याच्या बाजूला एक डाळ मिल आहे, भागीदारीतली. तिचे हिशेब मी बरीच वर्षं पाहतो. एका डिसेंबरमध्ये मालकांनी देणी भागवायला यादी मागवली. तीत हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचे ४६,८०० रुपये बाकी दिसत होते, तेही जूनपासून. वर्कशॉपवाल्या काकांनी मिलच्या एलिव्हेटरचा गिअरबॉक्स दुरुस्त करून दिला होता. मालकांना वाईट वाटलं. सहा महिने एका कारागिराचे पैसे अडकले, आणि त्यांनी एकदाही तगादा केला नाही! बँकेत पैसे टाकण्याआधी त्यांनी काकांना फोन लावला, उशिराबद्दल दोन शब्द बोलावेत म्हणून. पलीकडून उत्तर आलं, "कोणते पैसे जी? ते तं जूनमधेच आले. माझ्याकडं काही बाकी नाही तुमची."

त्या एका फोनमुळे ४६,८०० रुपये दुसऱ्यांदा जाता जाता राहिले. चूक कुठे झाली ते शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जूनमधलं पेमेंट व्हाउचर टाकताना वर्कशॉपच्या खात्याऐवजी 'मशिनरी दुरुस्ती' हे खर्चाचं खातं निवडलं गेलं होतं. ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे, की आता तिचं आश्चर्य वाटत नाही. काळजी वाटते ती तिच्या दुरुस्तीची. मूळ चूक एका ओळीची असते. घाईत केलेली दुरुस्ती मात्र बँक, जीएसटी आणि टीडीएस अशा तीन ठिकाणी नवा गोंधळ घालून ठेवते.

आधी काय झालं होतं ते नीट पाहू

बिल ९ जूनचं होतं. मजुरी आणि सुटे भाग मिळून ४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,६०० सीजीएसटी आणि ३,६०० एसजीएसटी. एकूण ४७,२००. काकांचा धंदा एकट्याच्या मालकीचा असल्यामुळे ४०,००० वर एक टक्का, म्हणजे ४०० रुपये टीडीएस कापला. बिलाची नोंद अशी पडली होती, आणि ती बरोबर होती:

मशिनरी दुरुस्ती खाते – नावे ४०,०००
इनपुट सीजीएसटी – नावे ३,६००
इनपुट एसजीएसटी – नावे ३,६००
वर्कशॉपचे खाते – जमा ४६,८००
देय टीडीएस – जमा ४००

मग २० जूनला एनईएफटीने ४६,८०० रुपये गेले. त्याची नोंद 'वर्कशॉपचे खाते नावे, बँक जमा' अशी हवी होती. पडली ती 'मशिनरी दुरुस्ती नावे ४६,८००, बँक जमा ४६,८००' अशी.

म्हणजे एकाच दुरुस्तीचा खर्च दोनदा लागला. खर्चाच्या खात्यात ४०,००० ऐवजी ८६,८०० दिसू लागले, नफा ४६,८०० ने कमी झाला, आणि ज्यांना एक पैसाही देणं नाही त्यांच्या नावावर ४६,८०० जमा बाकी राहिली. तेरीज मात्र अगदी जुळत होती. नावे जेवढं पडलं तेवढंच जमा पडलं होतं, फक्त नावे चुकीच्या घरात पडलं होतं. म्हणून 'तेरीज जुळली, आता चूक नाही' हा दिलासा इथे कामाचा नाही. निलंबन खात्याचाही इथे संबंध नाही. ते खातं लागतं तेरीज जुळत नसेल तेव्हा.

अशी चूक होण्याचं कारण बहुतेकदा साधं असतं. बँक स्टेटमेंट समोर ठेवून व्हाउचर टाकणारी व्यक्ती कथनात 'गिअरबॉक्स रिपेअर' असं वाचते आणि हात आपोआप दुरुस्ती खात्याकडे जातो. बिल आधीच चढलंय हे तिच्या डोळ्यासमोर नसतं. ज्या धंद्यात काही खर्च बिल न चढवता थेट बँकेतून टाकतात आणि काही बिल चढवून सप्लायरच्या खात्यातून भागवतात, तिथे ही चूक हमखास सापडते.

बिल चढलंय की नाही, हे न पाहताच दुरुस्तीला बसणं

ही सगळ्यात महाग चूक, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

खर्चाच्या खात्यात `Payment` प्रकारचं व्हाउचर दिसलं की लगेच फिरवाफिरवीची नोंद करू नका. आधी सप्लायरचं खातं उघडा आणि त्या बिलाची जमा नोंद आहे का ते पाहा. दोन शक्यता असतात आणि दोन्हींत पुढचा रस्ता वेगळा आहे.

बिल चढलेलं असेल, तर आपली केस लागू पडते. खर्च दोनदा लागलाय आणि सप्लायरच्या नावावर खोटी बाकी आहे. एक रोजकीर्द नोंद केली की काम झालं.

बिल चढलेलंच नसेल, तर खर्च दोनदा लागलेला नाही, तो एकदाच लागलाय, पण कच्च्या स्वरूपात. जीएसटीची रक्कमही खर्चात मिसळून गेली आहे. इथे नुसती रक्कम सप्लायरच्या खात्यात वळवली आणि उठलात, तर खर्च शून्य होईल आणि सप्लायरकडून आपलंच येणं दिसू लागेल. वळवल्यानंतर बिलाचीही नोंद करायला हवी. तीही बिलाच्या पूर्ण तपशिलासह, म्हणजे इनपुट क्रेडिट हातात येतं. आमच्या आकड्यांत ते ७,२०० रुपये आहेत. त्या क्रेडिटला मुदत आहे: आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याची तारीख, यांपैकी आधी येईल ती. मुदत टळली की क्रेडिट गेलं.

बिल न चढवता पेमेंट गेलं असेल तर टीडीएसही बहुधा कापलेला नसतो. समजा पूर्ण ४७,२०० गेले. आता बिल नीट चढवलं की सप्लायरच्या नावावर ४६,८०० जमा आणि वळवलेले ४७,२०० नावे, म्हणजे ४०० रुपये नावे बाकी उरते. पुष्कळ जण ही बाकी 'किरकोळ फरक' म्हणून खर्चात टाकून मोकळे होतात. तो फरक किरकोळ नाही. तो न कापलेला टीडीएस आहे. सप्लायरशी बोलून तो पुढच्या बिलात वळता करा किंवा आपल्या खिशातून भरा, पण सरकारकडे तो व्याजासकट जायला हवा.

दुसरं पेमेंट व्हाउचर टाकणं

"सप्लायरच्या खात्यात पेमेंट दिसत नाही ना, मग टाकून देऊ." ही सर्वात स्वाभाविक वाटणारी दुरुस्ती, आणि हमखास चुकीची. वर्कशॉप नावे, बँक जमा असं नवं व्हाउचर टाकलं की सप्लायरचं खातं शून्य होतं आणि टाकणाऱ्याला वाटतं काम झालं. पण बँकेतून पैसे एकदाच गेलेत. पुस्तकात ते दोनदा गेलेले दिसतात. बँकेच्या पुस्तकी शिलकीत ४६,८०० ची खोट येते, आणि बँक जुळवणीत एक असं पेमेंट लटकत राहतं जे स्टेटमेंटमध्ये कधीच येणार नाही. खर्च तर फुगलेलाच राहतो.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की मूळ व्हाउचरमधली बँकेची बाजू बरोबर आहे. पैसे खरंच त्या तारखेला, तेवढेच, त्याच बँकेतून गेले. म्हणून दुरुस्तीच्या नोंदीत बँक खातं येताच कामा नये. तुमच्या दुरुस्तीत बँकेचं नाव दिसलं, तर हात आवरा आणि पुन्हा विचार करा.

मूळ व्हाउचर पुसून नवं टाकणं

टॅलीत `Alt+D` दाबायला एक सेकंद लागतो. पण त्या व्हाउचरला बँक जुळवणीतली `Bank Date` लागलेली असते, ती व्हाउचरबरोबर जाते. जूनची बँक जुळवणी जी जुळून बंद झाली होती, ती पुन्हा उघडी पडते. व्हाउचरच्या क्रमांकातही खाडा पडू शकतो आणि ऑडिटर तो क्रमांक विचारतोच.

पुसण्यापेक्षा मूळ व्हाउचरमध्ये फक्त नावे बाजूचं खातं बदलणं हा रस्ता बरा आहे, आणि मी त्याला सरसकट नाही म्हणत नाही. त्याच महिन्यात चूक सापडली, त्या महिन्याचा हिशेब अजून कुणाला दिलेला नाही, बँकेला स्टॉक स्टेटमेंट किंवा देण्यांची यादी गेलेली नाही, आणि धंदा प्रोप्रायटरी किंवा भागीदारीचा आहे, अशा वेळी खातं बदललेलं सुटसुटीत. बदलल्यावर बँक जुळवणी उघडून `Bank Date` शाबूत आहे ना ते तेवढं पाहून घ्या, आणि बिलाचा संदर्भ द्यायला विसरू नका.

पण महिना बंद झाला असेल, आकडे बाहेर गेले असतील, तर मूळ नोंदीला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जूनचा नफा-तोटा मालकांनी जुलैत पाहिला, बँकेला दिला, आणि डिसेंबरमध्ये तोच जून उघडला तर आकडा वेगळा. असं झालं की हिशेबावरचा विश्वास जातो आणि तो परत मिळवायला वर्ष लागतं. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, आणि ती नोंद बंद करता येत नाही. जुनं व्हाउचर कुणी, कधी, काय बदललं हे `Edit Log` मध्ये राहतंच. बदल करायला कायद्याची मनाई नाही, पण प्रत्येक बदलाचं कारण सांगावं लागतं. रोजकीर्द नोंद स्वतःच आपलं कारण सांगते.

बरोबर नोंद

डिसेंबरमध्ये आम्ही `F7` दाबून `Journal` व्हाउचरमध्ये ही नोंद केली:

वर्कशॉपचे खाते – नावे ४६,८००
मशिनरी दुरुस्ती खाते – जमा ४६,८००

कथनात पूर्ण हकिकत लिहिली. "दि. २० जूनच्या पेमेंट व्हाउचर क्र. १४३ मध्ये वर्कशॉपऐवजी मशिनरी दुरुस्ती खाते नावे पडले होते. बिल क्र. ८७, दि. ९ जून, यापोटीचे ते पेमेंट वर्कशॉपच्या खात्यात वळते केले." खाली बँकेचा यूटीआर क्रमांकही टाकला. नुसतं 'चूक दुरुस्ती' असं कथन लिहू नका. दोन वर्षांनी ते कुणालाच काही सांगत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही.

कुठल्या बाजूला काय लिहायचं याबद्दल गडबड होत असेल, तर नुसत्या पाठांतरावर जाऊ नका. कागदावर तीन ओळी लिहा. काय पडलं: दुरुस्ती नावे, बँक जमा. काय हवं होतं: वर्कशॉप नावे, बँक जमा. दोन्हींत समान असलेली बँक खोडा. उरतं ते असं: दुरुस्तीत नको तो नावे पडलाय, म्हणून दुरुस्ती जमा, वर्कशॉपला हवा तो नावे मिळालेला नाही, म्हणून वर्कशॉप नावे. उलटी नोंद झाली तर वर्कशॉपची बाकी ४६,८०० वरून थेट ९३,६०० आणि खर्च १,३३,६०० होतो. असा दुप्पट आकडा कुठे दिसला की नोंद उलटी पडलीय हे ओळखावं.

रकमेतली चूक: ४०,००० की ४६,८००?

माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीने हीच दुरुस्ती ४०,००० ची केली होती. तिचा विचार पूर्णपणे चुकीचा नव्हता. दुरुस्तीचा खरा खर्च ४०,००० आहे, म्हणून जादा खर्चही ४०,००० चाच असेल असं तिला वाटलं. पण आपण बिल दुरुस्त करत नाही, आपण पेमेंट दुरुस्त करतोय. खर्चात चुकून जे पडलं ते पेमेंटची पूर्ण रक्कम होती. ४०,००० वळवले तर खर्चात ६,८०० जास्तीचे राहतात आणि वर्कशॉपच्या नावावर ६,८०० देणं राहतं. पुढे कुणीतरी ते देऊनही टाकतं.

याच विचारातून दुसरी चूक जन्मते. पेमेंटमध्ये ७,२०० चा जीएसटी होता म्हणून दुरुस्तीच्या नोंदीत इनपुट सीजीएसटी आणि एसजीएसटी जमा करणं. असं करू नका. इनपुट क्रेडिट बिलाच्या नोंदीने आलं, तेही एकदाच आणि बरोबर. पेमेंटच्या नोंदीने जीएसटीच्या कुठल्याही खात्याला स्पर्श केलेला नाही. म्हणून ही दुरुस्ती केली तरी तुमचं जीएसटीचं कुठलंही भरलेलं विवरणपत्र बदलत नाही. दुरुस्तीच्या नोंदीत दोनच खाती, तिसरं नाही.

एक अपवाद आहे, तो म्हणजे कॉस्ट सेंटर. मूळ चुकीच्या नोंदीत खर्च एखाद्या विभागावर टाकला असेल, तर दुरुस्तीतही त्याच विभागावर जमा द्या. नाहीतर एकूण खर्च बरोबर दिसतो आणि विभागवार अहवालात एक विभाग फुगलेला राहतो.

बिलाशी न जोडता `On Account` ठेवणं

नोंद बरोबर, रक्कम बरोबर, बाजू बरोबर, आणि तरीही यादीत बाकी दिसते. असं झालं की लोक पुन्हा एक नोंद करतात आणि गोंधळ वाढतो. कारण साधं असतं. रोजकीर्द नोंदीत सप्लायर नावे टाकताना टॅली बिलाचा संदर्भ विचारते. तिथे `Agst Ref` निवडून बिल क्र. ८७ घ्यायचं असतं. घाईत `On Account` किंवा `New Ref` पडलं, तर खात्याची एकूण बाकी शून्य होते, पण बिलवार यादीत एकीकडे ४६,८०० देणं आणि दुसरीकडे ४६,८०० सुटी रक्कम अशा दोन ओळी राहतात. मालक बिलवार यादी पाहून पैसे देत असतील, तर धोका जिथल्या तिथे. उपाय म्हणजे त्याच नोंदीत जाऊन संदर्भ बदलणं, नवी नोंद नाही.

तारखेचा प्रश्न

रोजकीर्द नोंद ज्या दिवशी चूक सापडली त्या दिवसाची टाका, मागच्या बंद महिन्याची नको. पण त्याचा एक परिणाम आधीच माहीत असू द्या. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते बिल डिसेंबरमध्ये भागलं, आणि देण्याच्या दिवसांचा हिशेब करणारा प्रत्येक अहवाल तेच सांगेल. खरं पेमेंट तर अकरा दिवसांत गेलं होतं.

हा फरक दोन ठिकाणी टोचतो. एक, जीएसटीत सप्लायरला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ९ जूनच्या बिलाचे १८० दिवस भरतात. अहवाल पाहून कुणी ७,२०० रुपये व्याजासह परत केले तर ते विनाकारण गेले. दोन, वर्कशॉप उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघू उद्योग असेल, तर ४३बी(एच) म्हणून ओळखली जाणारी आयकरातली तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाली. लेखी करार नसेल तर १५ दिवस, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि त्या मुदतीपलीकडे ३१ मार्चला बाकी राहिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून मिळत नाही. ही चूक मार्चपर्यंत कुणाला दिसलीच नसती, तर मिलच्या पुस्तकात एकाच बिलाचा खर्च दोनदा लागलेला असता आणि वर 'न दिलेलं बिल' म्हणून करासाठी नामंजूरही झाला असता.

दोन्ही ठिकाणी खरा पुरावा बँकेचा आहे, पुस्तकातल्या रोजकीर्दीची तारीख नव्हे. म्हणून कथनात मूळ तारीख आणि यूटीआर लिहायचा, आणि २० जूनच्या स्टेटमेंटची एक प्रत त्या बिलाला टाचून ठेवायची. आम्ही ती बिल क्र. ८७ च्या मागेच लावली.

टीडीएसचीही एक गोष्ट आहे. खर्चाच्या खात्यात ८६,८०० आणि टीडीएस फक्त ४०० दिसला की ऑडिटर विचारणारच, उरलेल्या ४६,८०० वर टीडीएस का कापला नाही? एका ठिकाणी या प्रश्नाला घाबरून अकाउंटंटने खरोखरच जादा टीडीएस व्याजासह भरून टाकला होता. पेमेंटवर वेगळा टीडीएस लागत नव्हता, तो बिलावर आधीच कापला गेला होता. चूक आधी दुरुस्त केली असती तर प्रश्नच आला नसता.

दुसऱ्यांदा पैसे खरंच गेले असतील तर

आमच्या मालकांनी फोन केला म्हणून वाचलं. सगळे फोन करत नाहीत. समजा डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा ४६,८०० गेले आणि तेव्हाची नोंद बरोबर, म्हणजे वर्कशॉप नावे, बँक जमा अशी पडली. आता वर्कशॉपचं खातं शून्य दिसतं. बिलवार यादी स्वच्छ. बँकही जुळते, कारण दोन्ही पेमेंट खरी आहेत. चूक सापडायला एकच जागा उरते, फुगलेलं दुरुस्ती खातं. आणि गेलेले पैसे तिथे खर्चाचा वेष घेऊन बसलेले असतात.

अशा वेळी 'सप्लायरचं खातं तर शून्य आहे, आता नोंद केली तर बिघडेल' म्हणून दुरुस्ती टाळणं ही मोठी चूक. नोंद तीच करायची: वर्कशॉप नावे ४६,८००, दुरुस्ती जमा ४६,८००. त्याने वर्कशॉपच्या नावावर ४६,८०० नावे बाकी येते. ती बिघाड नव्हे, ते आपलं खरं येणं आहे. ते पैसे परत मागा किंवा पुढच्या कामाच्या बिलात वळते करा. इथे मात्र संदर्भ `Agst Ref` लावता येणार नाही, कारण बिल क्र. ८७ डिसेंबरच्या पेमेंटने आधीच बंद झालंय. `Advance` निवडा, म्हणजे ते येणं यादीत डोळ्यांसमोर राहील.

वर्ष बंद झाल्यावर सापडली तर

मार्च गेला, ताळेबंद सही झाला, विवरणपत्र भरलं, आणि मग सापडलं. आता मागच्या वर्षात जाता येत नाही. चालू वर्षात वर्कशॉप नावे करायचं, पण जमा बाजूला चालू वर्षाचं 'मशिनरी दुरुस्ती' घ्यायचं नाही. घेतलं तर या वर्षाचा दुरुस्ती खर्च खोटाच कमी दिसतो, कधी तर एप्रिलमध्ये चक्क जमा बाकी दिसते. 'मागील वर्षाचे समायोजन' असं वेगळं खातं उघडून तिथे जमा करा. लेखामानक ५ प्रमाणेही मागील काळातल्या चुकीची रक्कम वेगळी दाखवायची असते, म्हणजे वाचणाऱ्याला चालू वर्षाचा खरा नफा समजतो. भारतीय लेखामानकं, म्हणजे इंड एएस लागू असणाऱ्या कंपनीत रक्कम मोठी असेल तर मागचे आकडेच सुधारून मांडावे लागतात.

इथे कराचीही बाजू आहे. मागच्या वर्षी नफा ४६,८०० ने कमी दाखवला गेला, म्हणजे कर कमी भरला गेला. चूक जाणूनबुजून नव्हती, पण सापडल्यानंतर गप्प बसणं जाणूनबुजून होतं. विवरणपत्र सुधारून भरायचं की कसं, हे त्या वर्षाच्या मुदती पाहून सीएंकडून ठरवून घ्या, आणि नोंदीच्या आधी ठरवा, नंतर नाही.

नोंद केल्यावर काय काय पाहायचं

आम्ही त्या दिवशी चार आकडे पाहिले. मशिनरी दुरुस्ती खात्यात या कामाचे ४०,००० राहिले. वर्कशॉपचं खातं शून्य झालं आणि बिलवार यादीतून बिल क्र. ८७ गेलं. बँकेची शिल्लक नोंदीआधी होती तेवढीच, एक रुपयाचाही फरक नाही. आणि तेरजेच्या दोन्ही बाजूंची बेरीज ४६,८०० ने कमी झाली. शेवटचं पाहून शिकणारी मुलगी दचकली, तेरीज कमी कशी झाली म्हणून. ती कमी व्हायलाच हवी. नावे बाजूचा खोटा खर्च आणि जमा बाजूचं खोटं देणं दोन्ही एकदम गेले.

त्यानंतर एक काम केलंच पाहिजे, आणि ते बहुतेक जण करत नाहीत. अशी एक चूक सापडली की ती एकटी नसते. ज्या हाताने जूनमध्ये हे व्हाउचर टाकलं, त्याच हाताने जुलैतही टाकलं असतं. म्हणून दुरुस्ती, पॅकिंग, हमाली, गाडीभाडं, छपाई अशी खर्चाची खाती एकेक करून वर्षभराची उघडा आणि `Vch Type` च्या रकान्यात फक्त `Payment` शोधा. चहा-नाश्ता किंवा पेट्रोल असेल तर हरकत नाही, ते थेटच जातं. पण ज्या खर्चाची बिलं आपण चढवतो, त्या खात्यात बँकेचं पेमेंट दिसलं की थांबायचं. रकमेवरूनही कळतं. खर्चाच्या खात्यात एरवी करपूर्व आकडे असतात. जीएसटीसकट, टीडीएस वजा केलेला आकडा त्यांत वेगळा उठून दिसतो. ४०,००० च्या शेजारी ४६,८०० असं.

दुसऱ्या बाजूने, जुनी बाकी असलेल्या सप्लायरांची यादी घ्या आणि त्यांतले तगादा न करणारे वेगळे काढा. पैसे खरंच अडकले असतील तर नागपूरचा व्यापारी तीन महिने गप्प बसत नाही. जो गप्प आहे त्याच्याकडे बहुधा पैसे पोचलेले असतात. त्या डाळ मिलमध्ये या शोधात आणखी दोन नोंदी सापडल्या, एक गोण्यांच्या सप्लायरची आणि एक छापखान्याची, दोन्ही ऑगस्टमधल्या. दोघांकडून आम्ही त्यांच्या पुस्तकातला आमचा खातेउतारा मागवला. मालकांनीच फोन केले, "तुमच्या वहीत आमचं खातं कसं दिसतं ते जरा पाठवा बरं." संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर दोन्ही उतारे आले, दोन्हींत बाकी शून्य होती, आणि त्यानंतरच आम्ही त्या दोन नोंदी केल्या.